उशाशी ठेवलेली चिठ्ठी

पाहुणा दारात आला की मराठी घरात एक वाक्य हमखास म्हटलं जातं: घर आपलंच समजा. म्हणणारा मनापासून म्हणतो. अडचण एवढीच आहे की हे वाक्य कुणालाच अमलात आणता येत नाही. स्वतःच्या घरात आपण रात्री अंधारात उठतो आणि न चाचपडता दिव्याच्या बटणावर बोट ठेवतो. कोणता नळ उलटा फिरतो, कोणतं दार ओढून लावावं लागतं, पहाटे भांडं पडलं तर कोण जागं होतं आणि कोण होत नाही, हे सगळं आपल्याला माहीत असतं. घर आपलं असणं म्हणजे बरंचसं हे माहीत असणंच. पाहुण्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, विचारायचं किंवा गप्प बसायचं. बहुतेक जण गप्प बसतात.

या गप्प बसण्याला आपल्याकडे संकोच म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आक्रसणं असा आहे, आणि पाहुणा खरोखरच आक्रसतो. तो पलंगाच्या कडेला झोपतो. पंखा सोसवत नसला तरी कमी करत नाही. ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा ते न कळल्याने तो घडी करून पिशवीत ठेवतो. ‘काही हवं का?’ असं विचारलं की ‘नाही, नाही, सगळं आहे’ हे उत्तर तयारच असतं. आपण दहा वेळा विचारलं तर तो दहा वेळा नाही म्हणतो. मागावं लागणं हाच मुळात त्याचा त्रास असतो, आणि आपण मागण्याची संधी देऊन तो त्रास दूर करू पाहत असतो.

पाहुण्याच्या खोलीत उशाशी ठेवलेली चिठ्ठी या अडचणीवर काय करू शकते, असा माझा प्रश्न आहे. चार-सहा ओळींचं स्वागत, पाणी कुठे, चादर कुठे, दिवा कसा लागतो. वरकरणी क्षुल्लक कागद. पण पाहुणचार म्हणजे नेमकं काय देणं, ते कोण देतं आणि दिलेला शब्द किती खरा असतो, हे प्रश्न त्या कागदावर जेवढे उघडे पडतात तेवढे जेवणाच्या पंगतीत पडत नाहीत.

अशी यादी करण्याची कल्पना नवी नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी कधीही कमी पडू नयेत अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत: बसा-निजायला गवत, जागा, पाणी आणि चौथी गोड वाणी. मनुस्मृतीतल्या कितीतरी गोष्टींशी माझं भांडण आहे, पण ही यादी मला आवडते. पहिल्या तिन्ही गोष्टी गरिबातल्या गरिबाकडेही असू शकतात. आणि शब्द इथे शोभेसाठी आलेला नाही, तो गवत-पाण्याच्या रांगेत, वस्तू म्हणून मोजलेला आहे. त्याला कारण असावं. जागा असते, पाणी असतं, पण ‘हे तुझ्यासाठी आहे’ असं कुणी म्हटल्याशिवाय पाहुणा त्याला हात लावत नाही. चौथ्या गोष्टीवाचून पहिल्या तीन बंदच राहतात.

हा शब्द आजवर तोंडी होता, कारण सांगायला घरात कुणीतरी असायचं. कोकणातल्या घराला पडवी असते, ओटी असते, आणि तिथे म्हातारं माणूस बसलेलं असतं. माझ्या सासूबाई संगमेश्वरकडच्या. त्यांच्या लहानपणी उन्हातून आलेल्या माणसाला काही विचारायची पद्धतच नव्हती म्हणे. तो टेकला की गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या समोर यायचा. ‘पाणी हवं का?’ हा प्रश्न त्यांना अजूनही उद्धट वाटतो. न बोलता पुढे ठेवलेला तो तांब्या हीसुद्धा एक चिठ्ठीच होती, असं मी त्यांना म्हणाले तेव्हा त्यांना ते मुळीच पटलं नाही. त्याकडे पुढे येते.

यजमान घरी नसेल तर काय होतं, याची आपल्याकडची सर्वात जुनी गोष्ट कठोपनिषदात आहे. नचिकेत यमाच्या घरी पोचतो तेव्हा यम बाहेर गेलेला असतो. पोरगं तीन रात्री न जेवता राहतं. यम परततो, त्याला आधी पाणी न्यायला सांगितलं जातं, आणि उपाशी घालवलेल्या प्रत्येक रात्रीमागे एक असे तीन वर त्याला द्यावे लागतात. आपण या गोष्टीतलं तत्त्वज्ञान वाचतो ते तिसऱ्या वरापासून. मला पहिल्या तीन रात्रींचं नवल वाटतं. ते घर ओसाड नव्हतं, घरात माणसं होती. तरी पाहुणा उपाशी राहिला, आणि त्याची जबाबदारी घरी नसलेल्या यजमानावर आली. यमाने ‘मी कामाला गेलो होतो’ अशी सबब सांगितलेली नाही.

माणिकपूरमध्ये आम्ही सगळेच त्या अर्थाने यम आहोत. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला, एकेकाळी वाड्या होत्या तिथे आता सात-सात मजले आहेत, आणि सकाळी सातनंतर त्यातल्या निम्म्या घरांत कुणी नसतं. दोघंही चर्चगेटच्या गाडीला लटकलेले. गावाहून मुंबईत काम काढून येणारी माणसं मात्र अजूनही घरीच उतरतात. कुणी परीक्षेला येतं, कुणी मंत्रालयात, बरेच जण दवाखान्यासाठी. अशा घरात पाहुण्याला शब्द द्यायचा तर तो लिहूनच द्यावा लागतो.

आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याचं उदाहरण सविस्तर घेते. माझ्या नवऱ्याचे चुलत काका. घशाचा कर्करोग, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून रोज, सहा आठवडे. नवऱ्याची ड्यूटी संध्याकाळची, म्हणून सकाळी गर्दी ओसरल्यावर तो त्यांना लोकलने दादरला आणि तिथून परळला न्यायचा. मी सातला बाहेर पडायचे. रात्री नवरा उशिरा यायचा, मी झोपलेली असायचे, सासूबाई पॅसेजमधल्या खाटेवर. काकांचा आवाज आधीच बसलेला होता आणि बोलताना दुखायचं. म्हणजे एरवीही न मागणारा माणूस, आणि आता मागणं शरीरालाही जड.

पहिल्या दिवशी त्यांच्या उशाशी ठेवलेली चिठ्ठी अशी होती:

‘काका, प्रवासाने दमला असाल, आधी पडा. थर्मासमध्ये कोमट पाणी आहे, पेला झाकून ठेवला आहे. पंख्याचं बटण पलंगाकडून दुसरं. पंखा तीनवर खडखडतो, दोनवर शांत असतो. दार आतून लावलं तरी चालतं, कडी जरा वर उचलून सरकवा. कपाटातला खालचा खण रिकामा करून ठेवला आहे, तो तुमचा. टॉवेल बाल्कनीतल्या दोरीवर, डावीकडे जागा आहे. सकाळी सहा ते सात सोसायटीचं पाणी जोरात येतं, नंतर धार बारीक होते. पहाटे सेंट मायकल चर्चची घंटा ऐकू येईल, ती रोजचीच. बोलायचं नसेल तर बोलू नका, वही आणि पेन ठेवलं आहे.’

यात कुठेही ‘संकोच करू नका’ असं नाही. ते वाक्य ‘घर आपलंच समजा’चं भावंड आहे आणि तेवढंच निरुपयोगी. संकोच करू नका म्हटल्याने कुणाचा संकोच गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पंख्याचा आकडा सांगितल्याने मात्र थोडा जातो. आकडा सांगितला की पाहुण्याच्या लक्षात येतं की हा पंखा कमी-जास्त करायची इथे सगळ्यांनाच सवय आहे. घंटेची ओळ तर कसलीच सोय सांगत नाही. पण अनोळखी घरात पहाटे अनोळखी आवाजाने जागं झालेल्या माणसाला, हा आवाज आपल्याला आधी सांगितलेला होता, एवढं आठवणं पुरतं.

अशा ओळी सुचतात कशा? एमिली पोस्ट या अमेरिकन बाईंनी १९२२ साली शिष्टाचारावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी गृहिणीला सांगितलं आहे की पाहुण्यांच्या खोलीत एकदा स्वतः रात्र काढून पाहा. त्यांच्या पुस्तकातली घरं नोकरचाकरांची, बागबगीच्यांची, आपला त्यांच्याशी संबंध नाही. पण हा सल्ला दहा बाय दहाच्या खोलीलाही लागू पडतो. आपल्याच घरातल्या त्या खोलीत मी झोपले तेव्हा कळलं की पलंगावरून घड्याळ दिसत नाही, रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा बरोबर उशीवर पडतो आणि चार्जर लावायचा तर पलंगामागे हात घालावा लागतो. यातल्या दोन गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या होत्या. दुरुस्त होते ते चिठ्ठीत लिहायचंच नाही. ‘प्लग पलंगामागे आहे, हात घालून पाहा’ असं लिहिण्यापेक्षा एक्स्टेंशन आणून ठेवावं. सोय करायच्या ऐवजी सोय नसल्याचा पत्ता देणारी चिठ्ठी म्हणजे चिठ्ठीच्या आडून केलेला आळस.

चिठ्ठी वाचली गेली की नाही, हे विचारून कळत नाही, कारण उत्तर ‘हो, हो’ असंच येतं. ते खोलीवरून कळतं. बॅग पलंगाखालीच आहे की कपडे खणात आले? चादरीची घडी दुकानातल्यासारखी आहे का? पेला ओला आहे का? काकांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर टॉवेल होता, पंखा दोनवर होता. थर्मास मात्र गळ्यापर्यंत भरलेला. तिसऱ्या दिवशीही तसाच. घशावरच्या रेडिएशनने तोंड कोरडं पडत जातं, घोट घोट पाणी सतत घ्यावं लागतं, डॉक्टरांनीही ते बजावलं होतं. तहान लागत नव्हती असं नाही. नवऱ्याच्या ते आधी लक्षात आलं. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागणार, उठलं की बाथरूमपर्यंत अंधार, आणि दिव्याचं बटण सासूबाईंच्या खाटेच्या डोक्याशी. ते बटण खटकन वाजतं. काका कुणाला जाग येऊ नये म्हणून रात्रभर कोरड्या तोंडाने पडून राहत होते.

मग चिठ्ठीत एक ओळ वाढली: ‘बाथरूमचा दिवा रात्रभर चालू असतो.’

ही ओळ लिहिली तेव्हा ती खरी नव्हती. आमच्याकडे रात्री दिवा चालू नसे. ‘तुमच्यासाठी दिवा चालू ठेवला आहे’ असं लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, पण काकांनी पहिल्या रात्री स्वतः उठून तो बंद केला असता. माझ्यासाठी वीज जळतेय ही जाणीव अंधारापेक्षा वाईट. म्हणून वाक्य घराच्या सवयीचं केलं. मग हे खोटं बोलणं झालं का?

प्रश्न पोरकट वाटेल, पण खोटं बोलण्यावरचा तत्त्वज्ञानातला सर्वात गाजलेला वाद घरातल्या पाहुण्यावरूनच झालेला आहे. इमान्युएल कांटने १७९७ साली लिहिलेल्या निबंधात उदाहरण असं आहे: जीव वाचवायला पळालेला मित्र तुमच्या घरात लपला आहे, आणि मारेकरी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? कांटचं म्हणणं, तरीही खोटं बोलणं कर्तव्याला सोडूनच. वाचणारा बहुतेक प्रत्येक जण इथे कांटवर वैतागतो, मीही वैतागते. पण कांटच्या उदाहरणातलं वाक्य मी उच्चारण्याआधीच खरं किंवा खोटं ठरलेलं आहे. मित्र आत आहे, मी काहीही म्हटलं तरी. दिव्याच्या ओळीचं तसं नाही. ती खरी होणार की नाही हे त्या रात्री साडेदहाला मी काय करते यावर होतं.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्ववेत्त्याची हार्वर्डमधली व्याख्यानं १९६२ साली पुस्तकरूपाने आली. त्याने एक साधी गोष्ट दाखवून दिली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, काहीतरी करतात. ‘मी वचन देतो’ असं म्हणणं म्हणजे वचनाचं वर्णन नव्हे, ते म्हणणं हेच वचन देणं. माझ्या मते पाहुण्याच्या चिठ्ठीतली जवळजवळ सगळी वाक्यं या जातीची असतात, फक्त माहितीचा वेष घालून येतात. ‘थर्मासमध्ये कोमट पाणी आहे’ ही आज माहिती, पण पाहुणा सहा आठवडे राहणार असेल तर ते रोजचं वचन. ‘हा खण तुमचा’ म्हणजे त्यात आता मी इस्त्रीचे कपडे ठेवणार नाही. ‘दिवा चालू असतो’ म्हणजे तो चालू राहील. त्या रात्री दिवा लावला आणि सहा आठवडे लावत राहिलो, एवढ्याने ते वाक्य खरं झालं. एखाद्या रात्री विसरलो असतो तर ते खोटं ठरलं असतं, आणि तेही मागच्या तारखेपासून. अशा वाक्याचा खरेपणा लिहिणाऱ्याला नंतर फेडावा लागतो.

फेडावा लागतो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: फेडतं कोण? मला वाटतं पाहुणचाराच्या गोडव्यात हा प्रश्न सर्वात जास्त लपवला जातो. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची गोष्ट आहे. भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला असताना त्याला तीन अनोळखी माणसं दिसतात. तो धावत जातो आणि लहानशी यादी सांगतो: थोडं पाणी आणवतो, पाय धुवा, झाडाखाली टेका, भाकरीचा तुकडा खा. वसईत ही गोष्ट चर्चमध्ये ऐकलेली माणसं पुष्कळ आहेत आणि तिचं कौतुकही होतं, कारण अब्राहाम तुकडा कबूल करतो आणि मेजवानी देतो. कमी सांगून जास्त देणं हा चिठ्ठीचाही चांगला नियम आहे. पण मेजवानी करतं कोण? अब्राहाम तंबूत जाऊन साराला सांगतो, लवकर तीन मापं सपीठ मळ. वासरू निवडतो तो स्वतः, पण रांधायला चाकराकडे देतो. शब्द यजमानाचा आणि कणीक साराची. मनूच्या त्या चार गोष्टींतलं पाणीही विहिरीवरून कुणी आणायचं हे त्याने यादीत लिहिलेलं नाही.

आमच्या दिव्याचा प्रकाश थेट सासूबाईंच्या डोळ्यांवर पडणार होता. त्यांची झोप आधीच पातळ. म्हणून ती ओळ लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘लिही. मला तरी कुठे रात्रभर डोळा लागतो?’ आणि खाटेची दिशा फिरवून घेतली. तेव्हापासून चिठ्ठी लिहिताना मी प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारते: ही सोय खरी करायला कोणाला उठावं लागेल, आणि त्या माणसाला ते माहीत आहे का? ‘चहा कधीही मागा’ ही ओळ या कसोटीला टिकत नाही. ती लिहिणारा आणि चहा करणारा बहुतेक घरांत वेगळे असतात. शिवाय ती पाहुण्याला पुन्हा मागायलाच लावते. त्याऐवजी किटली, चहाची पूड, साखर आणि कप एका ताटात मांडून ठेवले तर कुणालाच उठावं लागत नाही.

चिठ्ठीची पाटी कधी होते, हेही पाहायला हवं. ‘पाटी’ म्हणजे हॉटेलात, होमस्टेमध्ये असते ती. अर्नाळ्यापासून खाली तळकोकणापर्यंत हल्ली घरोघरी खोल्या भाड्याने मिळतात, आणि दारामागे लॅमिनेट केलेला कागद असतो: पंखा बंद करून जावे, ओले कपडे खुर्चीवर टाकू नयेत, दहानंतर गरम पाणी मिळणार नाही. यात चूक काही नाही. पैसे देऊन राहणाऱ्याला नियम सांगणं सरळ व्यवहाराचं आहे. पण गंमत अशी की गरम पाण्याच्या वेळेची माहिती दोन्हीकडे एकच असते. ‘दहानंतर मिळणार नाही’ आणि ‘सहा ते सात पाणी जोरात येतं’ यांत फरक कशाचा? शब्दांच्या गोडव्याचा नव्हे. पहिली ओळ यजमानाची गैरसोय वाचवते, दुसरी पाहुण्याची. ओळ कोणाचा त्रास वाचवते, एवढं पाहिलं की चिठ्ठी आणि पाटी वेगळी काढता येते, मग भाषा ‘कृपया’ने सुरू होवो की हसऱ्या चेहऱ्याच्या चित्राने.

यावर एक मोठा आक्षेप आहे, तो सासूबाईंचा. पहिल्या दिवशी चिठ्ठी पाहून त्या म्हणाल्या होत्या, ‘भाऊजींना चिठ्ठी? तोंड नाही का आपल्याला? हॉटेल आहे का हे?’ मी गुळाच्या खड्याची उपमा दिली ती तेव्हाच. त्यांचं उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘तांब्या देताना माणसाचं तोंड दिसतं. तुझ्या कागदाला ते दिसतं का?’ खरं आहे. गूळ देणारी बाई पाहुण्याकडे बघून ठरवते की याला नुसतं पाणी पुरे की भाकरी टाकायला हवी. चिठ्ठी आधी लिहिलेली असते, ती कुणाकडे बघत नाही. थर्मास भरलेला आहे हे चिठ्ठीला कळलं नाही, माणसाला कळलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तर तो कागद म्हणजे आणखी एक संकोच. अशा पाहुण्याला हाताला धरून घरभर फिरवावं, दुसरा इलाज नाही.

पण समोर बसून केलेल्या आपल्या आग्रहालाही दुसरी बाजू आहे. आग्रहात पाहुण्याला दर वेळी सर्वांसमोर हो किंवा नाही म्हणावं लागतं. ‘आणखी एक पोळी, आमची शपथ’ या प्रेमापुढे पोट बिघडलेल्या माणसाची काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. चिठ्ठी एकांतात वाचता येते. तिच्यातली एखादी गोष्ट घेतली नाही तर कुणाचं मन मोडत नाही, घेतली तर आभार मानावे लागत नाहीत. कुणी बघत नसताना मिळालेली ही मोकळीक तोंडी शब्द देऊ शकत नाही, तो कितीही गोड असला तरी. तेव्हा सासूबाईंचा आक्षेप मी अर्धा मान्य करते. चिठ्ठी यजमानाची जागा घेऊ शकत नाही. मात्र यजमानाच्या नजरेपासून काही काळ सुटकाही पाहुण्याला हवी असते, आणि ती देणं हाही पाहुणचारच.

मनूने अतिथीची व्याख्या करताना म्हटलं आहे की जो एक रात्र राहतो तो अतिथी, त्याचं राहणं कायमचं नसतं म्हणून तो अतिथी. सहा आठवड्यांच्या पाहुण्याला ही व्याख्या लागू होत नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे. एका रात्रीचे उपकार माणूस हसत घेतो. पस्तीसाव्या दिवशी तेच उपकार ओझं होतात. सोयींची यादी जितकी लांब तितकं ओझं जास्त, हे मला तिसऱ्या आठवड्यात जाणवू लागलं. तोवर काकांना गिळणं कठीण झालं होतं, यादीत मऊ भात, मीठ-सोड्याच्या गुळण्यांचं पाणी, मिक्सरमधून काढलेलं वरण अशी भर पडत होती. दर रविवारी मी चिठ्ठी नव्याने लिहायचे, आणि प्रत्येक ओळीत देणारे आम्ही आणि घेणारे ते. सोडवणूक कशाने होणार? एक ओळ उलट दिशेने लिहून पाहिली: ‘साडेसहाला दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवतात. आत घ्याल का?’

काकांची पहाटे साडेचारपासून झोप उडालेली असे, त्यांना हे काम जमण्यासारखं होतं आणि आम्हाला खरोखर सोयीचं होतं. खोटं, समजूत घालण्यासाठी काढलेलं काम असतं तर त्यांनी ते ओळखलं असतं, आजारी माणसाला ते फार लवकर कळतं. दूध रोज आत येऊ लागलं. चार दिवसांनी ते तापवलेलंही असायचं. त्याच आठवड्यात बॅग पलंगाखालून कपाटावर गेली. थर्मास सकाळी रिकामा सापडू लागला होता तो आधीच, दिव्याच्या ओळीनंतर दोन दिवसांत.

वहीत ते फारसं लिहीत नसत. एकदा लिहिलं, ‘रात्रीचा दिवा बंद करा, वीज फुकट जाते.’ मी कामावर होते. संध्याकाळी पाहिलं तर खाली सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात उत्तर होतं: ‘आमच्यात जळतोच, भाऊजी.’ चिठ्ठीला हॉटेल म्हणणाऱ्या बाईंनी लिहिलेलं हे वाक्य मी त्यांना कधी दाखवून दिलेलं नाही.

उपचार संपल्यावर काका गावी गेले. खोली आवरताना चिठ्ठीचा शेवटचा कागद उशाशीच होता. पंख्याच्या ओळीशेजारी त्यांनी पेनाने बारीक लिहिलं होतं, ‘आता दोनवरही खडखडतो. एकवर ठेवावा.’ पुढच्या पाहुणीसाठी, पुतणीच्या परीक्षेच्या वेळी, मी तो पंखा दुरुस्त करून घेतला. दिवा तिला नको होता, तिला अंधारातच झोप लागते. तो मात्र अजून चालू असतो, सासूबाई बंद करू देत नाहीत.